सराव परीक्षेतील बफरचा प्रश्न : चार पर्याय, तीन मित्रांची तीन उत्तरे आणि उत्तरसूचीत चौथेच

रंकाळा_संध्याकाळ

नमस्कार. मी बारावीत आहे आणि राजारामपुरीतील एका अभ्यासिकेत बसून सीईटीची तयारी करतो. रविवारच्या सराव परीक्षेत खालील प्रश्न आला होता आणि त्यावर आम्हा तिघा मित्रांचे एकमत होत नाही. प्रश्न जसाच्या तसा उतरवून देतो.

०.२० मोलार ॲसिटिक आम्लाचे ५० मिली द्रावण आणि ०.२० मोलार सोडियम ॲसिटेटचे ५० मिली द्रावण एकत्र केले. या मिश्रणात ०.२० मोलार सोडियम हायड्रॉक्साइडचे १० मिली द्रावण मिसळले, तर अंतिम द्रावणाचा पीएच किती? आम्लाचा Ka = १.८ × १०⁻⁵, लॉग २ = ०.३०, लॉग ३ = ०.४८. पर्याय : (अ) ४.५६ (ब) ४.८२ (क) ४.८९ (ड) ४.९२.

माझी रीत अशी होती. आम्ल १० मिलिमोल आहे आणि ॲसिटेटही १० मिलिमोल आहे. सोडियम हायड्रॉक्साइड २ मिलिमोल पडले, त्यातून २ मिलिमोल ॲसिटेट नवे तयार झाले, म्हणून ॲसिटेट १२ झाले. १२ भागिले १० म्हणजे १.२, त्याचा लॉग ०.०८ आणि पीकेए ४.७४ असल्यामुळे उत्तर ४.८२. पर्यायांत ते दिसल्यावर मी निर्धास्त झालो. परंतु एका मित्राचे उत्तर ४.९२ आहे, दुसऱ्याचे ४.५६ आहे आणि क्लासने दिलेल्या उत्तरसूचीत ४.८९ छापलेले आहे. चारही पर्याय कोणाचे ना कोणाचे तरी आहेत. नेमके कोण चुकले?

आठवी_गल्ली

माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. १० मिलिमोल आम्लात २ मिलिमोल आम्लारी घातल्यावर २ मिलिमोल क्षार तयार होतो आणि ८ मिलिमोल आम्ल उरते. २ भागिले ८ म्हणजे पाव, त्याचा लॉग उणे ०.६०, म्हणून पीएच ४.१४ येतो. असा पर्यायच दिलेला नाही. असे प्रश्न रद्द करून सर्वांना गुण द्यायला हवेत.

खडू_आणि_फळा

आठवी गल्ली, आपण सोडियम ॲसिटेटचे ५० मिली वाचायचे विसरलात. आपले उत्तर केवळ आम्लाच्या अनुमापनाचे आहे आणि त्या प्रश्नासाठी ते अचूक आहे. येथे मात्र क्षार आधीपासून १० मिलिमोल आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मी तीस वर्षे अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवले आणि रंकाळा यांची चूक मी दरवर्षी किमान दहा वह्यांत पाहिली असेल. नवे २ मिलिमोल ॲसिटेट आले कोठून, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला असता तर चूक तेथेच सापडली असती. हायड्रॉक्साइडने ॲसिटिक आम्लाचा प्रोटॉन काढून घेतला म्हणून ॲसिटेट तयार झाले. याचा अर्थ जेवढे ॲसिटेट वाढले तेवढेच आम्ल घटले. एका खिशातून काढलेले दोन रुपये दुसऱ्या खिशात गेले असताना पहिल्या खिशात अजून दहाच रुपये आहेत असे धरून कसे चालेल? म्हणून ॲसिटेट १२, आम्ल ८ आणि गुणोत्तर १.५.

```
pH = pKa + log(क्षार / आम्ल)
   = ४.७४ + log(१२ / ८)
   = ४.७४ + log ३ − log २
   = ४.७४ + ०.४८ − ०.३०
   = ४.९२
```

एकूण आकारमान ११० मिली झाले आहे, परंतु क्षार आणि आम्ल एकाच भांड्यात असल्यामुळे दोघांनाही त्याच ११० ने भागावे लागते आणि भागाकारात ते निघून जाते. म्हणून मिलिमोल थेट वापरले तरी चालतात.

४.५६ कोठून आले हे सांगणे सोपे आहे : ८ भागिले १२ घेतले की ०.१८ मिळवण्याऐवजी वजा होतात. असे पर्याय हवेतून आलेले नसतात. प्रश्न काढणारा माणूस मुले कोठे घसरतील ते आधी पाहतो आणि त्या जागी पर्याय ठेवतो. त्यामुळे आपले उत्तर पर्यायांत सापडले म्हणून ते बरोबर आहे, असा निष्कर्ष बफरच्या प्रश्नात कधीही काढू नये.

पन्हाळा_पायवाट

सर, आपल्याविषयी आदर आहे, परंतु उत्तरसूचीतील ४.८९ बरोबर असावे असे मला वाटते. मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि अशा प्रश्नांत मी आकडेमोडीपेक्षा अंदाजावर अधिक विसंबतो. आम्लारी घातली म्हणजे पीएच ४.७४ च्या वर जाणार. गुणोत्तर दोनपेक्षा कमी आहे, म्हणजे वाढ लॉग २ पेक्षा, अर्थात ०.३० पेक्षा कमी असणार. उत्तर ४.७४ आणि ५.०४ यांच्या मध्ये कोठेतरी आहे आणि ४.५६ तेथेच बाद होते. आता १.५ हा १ आणि २ यांच्या बरोबर मध्ये आहे. १ चा लॉग शून्य आणि २ चा ०.३०, तर मधल्या संख्येचा ०.१५. उत्तर ४.८९. लॉगच्या तक्त्यातही दोन आकड्यांच्या मधली किंमत आपण अशीच काढतो.

खडू_आणि_फळा

आपल्या म्हणण्याचा पहिला अर्धा भाग मला इतका आवडला की तो मी वर्गात सांगितला असता. उत्तर कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये असायला हवे हे आधी ठरवायचे आणि मगच लॉग काढायचा, हा क्रम अगदी योग्य आहे. दुसऱ्या अर्ध्या भागात मात्र लॉगला आपण फूटपट्टी समजलात.

तपासायला तक्ता लागत नाही. १.५ ला १.५ ने गुणा. उत्तर २.२५ येते आणि ते २ पेक्षा मोठे आहे. गुणाकाराचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज, म्हणून १.५ च्या लॉगची दुप्पट ही २ च्या लॉगपेक्षा, म्हणजेच ०.३० पेक्षा, जास्त असलीच पाहिजे. मग १.५ चा लॉग ०.१५ पेक्षा मोठा असणार यात शंका उरत नाही आणि ४.८९ बाद होते. ज्याचा लॉग खरोखर ०.१५ आहे ती संख्या १.४१ आहे, कारण तिला तिनेच गुणले की २ मिळतात. १ ते २ या पट्ट्यात लॉगचा मध्य १.४१ पाशी येतो, १.५ पाशी येत नाही.

तक्त्याचे म्हणाल तर तेथे आपण १.५० आणि १.५१ यांच्या मधली किंमत काढतो. इतक्या अरुंद जागेत वक्र जवळजवळ सरळच असतो, म्हणून सरासरी फरकाचे रकाने चालतात. तीच रीत १ पासून २ पर्यंतच्या पट्ट्याला लावली तर सुमारे ०.०३ ची तूट पडते आणि या प्रश्नातील (क) व (ड) यांच्यात तेवढेच अंतर ठेवलेले आहे. उत्तरसूची तयार करणाऱ्याने बहुधा हेच केले असावे.

आणखी एक खूण आहे. प्रश्नात लॉग ३ दिलेला आहे. ॲसिटिक आम्लाचा पीकेए काढायला तो लागतो हे खरे, परंतु आपल्या रीतीत १.५ साठी त्याचा उपयोगच झाला नाही. लॉग २ आणि लॉग ३ दिलेले असले की गुणोत्तर २ आणि ३ यांच्या गुणाकार-भागाकारात मोडून पाहावे. १.५ म्हणजे ३ भागिले २, १.८ म्हणजे २ गुणिले ३ गुणिले ३ भागिले १०, १.२ म्हणजे २ गुणिले २ गुणिले ३ भागिले १०. मोडता येत असताना मध्यबिंदू गाठायला जाऊ नये.

रंकाळा_संध्याकाळ

सर, माझी चूक समजली, धन्यवाद. पीकेएविषयी एक विचारतो. Ka वरून ४.७४ मी पाठांतराने लिहिले होते. आज मोडून पाहिले तर १.८ चा लॉग ०.३० अधिक ०.९६ उणे १, म्हणजे ०.२६ आला. मग पुढे ५ मध्ये ०.२६ मिळवायचे की वजा करायचे, येथे माझा गोंधळ होतो. एका सरावात मी ५.२६ लिहून आलो आहे.

मोरांचा_आवार

याचे उत्तर मी देते, कारण विद्यापीठात एमएस्सीला येईपर्यंत मीही येथे अडखळत होते. १.८ × १०⁻⁵ चा लॉग घेतला की ०.२६ उणे ५ मिळतात, म्हणजे उणे ४.७४. पुढचे ऋण चिन्ह त्या संपूर्ण संख्येला लागते, त्यामुळे ५ उणे ०.२६ राहतात. घाईत ते चिन्ह आपण फक्त ५ ला लावतो आणि ०.२६ तसेच अधिक ठेवतो. चिन्ह आठवत नसेल तर आकडा पाहा. १.८ × १०⁻⁵ ही संख्या १०⁻⁵ पेक्षा थोडी मोठी आणि १०⁻⁴ पेक्षा लहान आहे. म्हणून पीकेए ४ आणि ५ यांच्या मध्ये, ५ च्या अलीकडे असणार. ५.२६ तेथे बसूच शकत नाही.

आता मूळ उत्तर दुसऱ्या वाटेने तपासून दाखवते. बफरचे सूत्र बाजूला ठेवा आणि हायड्रोजन आयनाची संहती थेट काढा. Ka ला आम्ल भागिले क्षार याने गुणायचे : १.८ × १०⁻⁵ गुणिले ८ भागिले १२, म्हणजे १.२ × १०⁻⁵. याचा पीएच ५ उणे लॉग १.२, म्हणजे ५ उणे ०.०८, अर्थात ४.९२. या रीतीत लॉग एकदाच शेवटी घ्यावा लागतो आणि क्षार वर की आम्ल वर हा गोंधळ झालाच तर तो लॉगच्या आधी, साध्या संख्येत दिसतो. आम्लारी घातल्यावर हायड्रोजन आयन १.८ वरून १.२ वर उतरले, म्हणजे दिशा बरोबर आहे. उलटा भागाकार केला असता तर ते २.७ वर चढले असते आणि चूक लगेच नजरेत आली असती.

रंकाळा_संध्याकाळ

ताई, हे पाहून मी चकित झालो. माझ्या चुकीच्या रीतीतही १.२ आणि ०.०८ हेच आकडे आले होते! मग माझे ४.८२ आणि तुमचे ४.९२ कसे?

मोरांचा_आवार

तो निव्वळ योगायोग आहे, पण घात करणारा आहे. तुमचे १.२ हे १२ भागिले १० असे क्षार आणि आम्ल यांचे चुकीचे गुणोत्तर होते आणि त्याचा लॉग तुम्ही ४.७४ मध्ये मिळवला. माझे १.२ ही हायड्रोजन आयनाच्या संहतीतील संख्या आहे आणि तिचा लॉग ५ मधून वजा होतो. वहीच्या समासात नुसते ०.०८ लिहून ठेवले आणि ते कशाचे आहे हे लिहिले नाही, तर उत्तर पडताळताना आपण स्वतःचीच फसवणूक करतो. मी प्रत्येक लॉगपुढे तो कशाचा आहे ते दोन शब्दांत लिहिते.

गुऱ्हाळ_शेजारी

हा धागा वाचून राहवले नाही. मी कागल बाजूच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि तुमची ही सगळी आकडेमोड माझ्या मीटरला मान्य नाही. मागे मी सारख्याच तीव्रतेचे आम्ल आणि ॲसिटेट घेऊन हे बफर तयार केले होते, मिश्रणात दोन्ही ०.१० मोलार. गुणोत्तर एक, म्हणजे लॉग शून्य, म्हणजे पीएच ४.७४ यायला हवा. मीटरने ४.६५ दाखवले. मला वाटले वजन चुकले. पुन्हा वजन केले, इलेक्ट्रोड धुऊन टिपकागदाने टिपला, ४ आणि ७ च्या प्रमाण बफरवर मीटर पुन्हा लावून घेतला आणि परत ४.६५. काल हा प्रश्न वाचल्यावर १०० मिली बफरमध्ये १० मिली ०.२० मोलार सोडियम हायड्रॉक्साइड घालून पाहिले. चुंबकी ढवळणी चालू ठेवली तर आकडा ४.८२ आणि ४.८३ यांच्यात घुटमळत होता. मग खरे उत्तर (ब) नव्हे काय?

रंकाळा_संध्याकाळ

म्हणजे माझे ४.८२ बरोबर होते की काय?

आठवी_गल्ली

मी आधीच सांगितले होते, प्रश्न रद्द करा.

खडू_आणि_फळा

रंकाळा, आनंद आवरा. गुऱ्हाळ शेजारी यांचा मीटर खोटे बोलत नाही, परंतु तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो आहे.

त्यांच्या ४.६५ मध्ये काहीही चुकलेले नाही. ०.१० मोलार आम्ल आणि ०.१० मोलार ॲसिटेट यांच्या मिश्रणाचा २५ अंश सेल्सिअसला मोजलेला पीएच तेवढाच येतो. द्रावणात सोडियम आणि ॲसिटेट आयनांची इतकी गर्दी असते की प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांचे वेढे पडतात आणि त्यांची प्रत्यक्ष कार्यक्षमता संहतीपेक्षा कमी भरते. ॲसिटेटवर हा परिणाम बराच होतो, भार नसलेल्या आम्लाच्या रेणूवर जवळजवळ होत नाही. मीटर जे मोजतो त्यात हा फरक उतरतो आणि पुस्तकी संहतींच्या सूत्रात तो धरलेलाच नसतो. द्रावण पातळ करत गेले की मीटरचा आकडा हळूहळू पुस्तकाकडे सरकतो, हे त्यांनी करून पाहावे.

आता त्यांच्याच मोजणीत पुरावा आहे. आधी ४.६५, नंतर ४.८२ ते ४.८३. वाढ किती? ०.१७ ते ०.१८. आपल्या कागदावरील वाढही लॉग १.५, म्हणजे ०.१८. आयनांची गर्दी आम्लारी घालण्यापूर्वी आणि नंतर जवळपास सारखीच असल्यामुळे तिने आरंभ आणि शेवट दोन्ही सारखेच खाली ढकलले आणि मधले अंतर शाबूत राहिले. रंकाळा यांची रीत बरोबर असती तर मीटरवरील वाढ ०.०८ दिसली असती. त्यांचा ४.८२ हा आकडा मीटरशी जुळला तो दोन वेगळ्या कारणांनी.

गुऱ्हाळ_शेजारी

हे पटले. दोन वर्षे मी त्या वजनकाट्याला दोष देत होतो. पातळ करून पाहतो आणि आकडे येथे लिहितो.

पन्हाळा_पायवाट

मध्यबिंदूची माझी चूक मान्य करतो, सर. तरीही एक शंका राहते. ॲसिटिक आम्लाचा पीकेए कोठे ४.७४ दिलेला असतो आणि कोठे ४.७६. उद्या पर्यायांत ४.९२ आणि ४.९४ दोन्ही आले तर?

मोरांचा_आवार

Ka १.८ × १०⁻⁵ दिला असेल तर ४.७४ घ्यावा आणि १.७५ × १०⁻⁵ दिला असेल तर ४.७६. प्रश्नात दिलेलाच आकडा वापरायचा, पाठ केलेला नाही, एवढे तरी आपल्या हातात आहे.

खडू_आणि_फळा

येथे मी थोडा असहमत आहे. Ka दोन अंकी दिलेला असताना आणि लॉग दोन दशांशांपर्यंत दिलेले असताना उत्तराच्या शेवटच्या अंकाला तसाही भरवसा नसतो. १.८ चा लॉग बारकाईने घेतला तर ०.२५५ येतो आणि पीकेए ४.७४५. असे दोन पर्याय ०.०२ च्या अंतरावर ठेवणारा प्रश्न रसायनशास्त्राची परीक्षा घेत नाही, असे माझे मत आहे. मात्र विद्यार्थ्याने काय करावे, तर ताई म्हणतात तेच.

पन्हाळा_पायवाट

म्हणजे प्रश्न वाईट असला तरी उत्तर द्यायचे. सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत म्हणून ठीक आहे, पण नीटमध्ये एक गुण जातो, तेव्हा हा सल्ला महागात पडेल.

रंकाळा_संध्याकाळ

आज क्लासमध्ये १.५ गुणिले १.५ चा मुद्दा दाखवला. उत्तरसूची पुन्हा तपासू असे उत्तर मिळाले, पुढे काय होते ते पाहू.

संध्याकाळी सरावासाठी प्रश्न उलटा करून सोडवला : तेच बफर, परंतु १० मिली ०.२० मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल. या वेळी आधी लिहून ठेवले की उत्तर ४.७४ च्या खाली आणि ४.४४ च्या वर असायला हवे. ॲसिटेट ८, आम्ल १२, हायड्रोजन आयन १.८ × १०⁻⁵ गुणिले १.५, म्हणजे २.७ × १०⁻⁵. २.७ म्हणजे ३ गुणिले ३ गुणिले ३ भागिले १०, त्याचा लॉग १.४४ उणे १, म्हणजे ०.४४. पीएच ४.५६. म्हणजे पर्याय (अ) हे या उलट्या प्रश्नाचे बरोबर उत्तर आहे. आता मित्राने भागाकार उलटा केला की सोडियम हायड्रॉक्साइडच्या जागी आम्ल वाचले, यावर अभ्यासिकेत वाद चालू आहे. त्याला स्वतःलाही आठवत नाही आणि त्याच्या कच्च्या कामाच्या कागदावर फक्त ०.१८ एवढाच आकडा आहे.